कॅल्शियम नॉर्मल, तरी हाडं ठिसूळ का?

मंडळी, आज मी एकाच रिपोर्टबद्दल बोलणार आहे. 66 वर्षांच्या एक काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि हात टेकला तेवढ्यात मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोर उणे 2.9 आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस पक्का. रक्तातलं कॅल्शियम 8.8 होतं, आणि घरच्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "डॉक्टर, कॅल्शियम तर नॉर्मल आहे, मग हाडं कशी ठिसूळ झाली?"

प्रश्न अगदी रास्त आहे. रक्तातलं कॅल्शियम शरीर कसंही करून सांभाळतं, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. गळ्यात थायरॉइडच्या मागे सहसा चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. कॅल्शियम जरा खाली सरकलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणजे 8.8 हा आकडा हाडांनी आपल्या पदरचं देऊन राखलेला असू शकतो. तसं घडतंय का, हे पीटीएच सांगतो.

काकूंचा पीटीएच 112 होता. त्या लॅबची मर्यादा 65. व्हिटॅमिन डी फक्त 9, जे 20 च्या खाली गेलं की आपण कमतरता म्हणतो. डी नसेल तर आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट उचलत नाही आणि सगळा भार हाडांवर येतो. क्रिएटिनिन मी आधीच पाहिलं होतं, कारण किडनी कमजोर असली तरी पीटीएच चढतो. ते ठीक होतं. रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन, तेही 4, म्हणजे ठीक होतं. ते कमी असेल तर कॅल्शियम खोटंच कमी दिसतं.

काकू दोन वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या घेत होत्या. मी पाकीट मागवलं. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम 500. गोळी रात्री झोपताना, रिकाम्या पोटी, आणि सकाळी ॲसिडिटीची पँटोप्राझोल. कार्बोनेट विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं, ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं. इथे ॲसिडही दाबलेलं आणि पोटही रिकामं. मला फार वाईट वाटलं, कारण बाईंनी एक दिवसही गोळी चुकवली नव्हती. ॲसिड न लागणारं सिट्रेट त्यांना दिलं. त्याच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम कमी असतं, म्हणून दोन वेळा विभागून.

किती द्यायचं, हे ताट पाहून ठरवलं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, अन्न आणि गोळ्या मिळून. काकूंचा दोन कप चहा, एक छोटी वाटी दही, पोळी-भाजी, वरण-भात धरून हिशेब साडेचारशेच्या आसपास गेला. दूध त्यांना नकोच होतं. मग रोज एक नाचणीची भाकरी, साधारण 50 ग्रॅम पिठाची, म्हणजे जवळजवळ 170, आणि दह्याची आणखी एक वाटी. सगळं मिळून साडेसातशे. उरलेलं साडेचारशे फक्त गोळ्यांतून. पालकावर त्यांचा फार भरवसा होता, पण पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. या हिशेबात मी पालक धरत नाही.

डीचं 60,000 युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, आठ आठवडे. मग महिन्याला एक. आठवड्याचं सॅशे रोज घेतलेले किंवा वर्षभर दर आठवड्याला चालू ठेवलेले पेशंट मी पाहिलेत: उलट्या, बद्धकोष्ठ, सतत लघवी, आणि कॅल्शियम 12 च्या वर. म्हणून चिठ्ठीवर मी सुरू आणि बंद, दोन्ही तारखा लिहितो.

घरच्यांना हाडांचं वार्षिक इंजेक्शन, झोलेड्रोनेट, त्याच आठवड्यात हवं होतं. मी थांबायला लावलं. ते इंजेक्शन हाडांची झीज रोखतं, पण काकूंचं रक्तातलं कॅल्शियम तर त्या झिजेवरच तगून होतं. ती वाट एकदम बंद झाली तर कॅल्शियम कोसळतं, तोंडाभोवती मुंग्या येतात, हातात वांब येतात.

तीन महिन्यांनी डी 34, कॅल्शियम 9.3, पीटीएच 58. मग इंजेक्शन दिलं.

याच टप्प्यावर दुसऱ्या एका बाईंचा रिपोर्ट वेगळा आला होता. डी भरून निघालं, पण कॅल्शियम 10.9 वर चढलं आणि पीटीएच 90 वरच राहिला. कॅल्शियम वाढलं की पीटीएचने खाली दबायला हवं. तो दबला नाही, म्हणजे ग्रंथीच स्वतःच्या मर्जीने चालतेय. डीच्या कमतरतेने हे आधी झाकलं होतं. असं कॅल्शियम असताना पीटीएच 50 आला, तरी लॅबच्या 'नॉर्मल' शिक्क्यावर मी विसंबत नाही. त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या मी लगेच थांबवल्या, 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासलं आणि ग्रंथीच्या शस्त्रक्रियेच्या विचारासाठी सर्जनकडे पाठवलं.