शिंपटी आणि तेलाची वाटी

'श्यामची आई'मधली बारावी रात्र तुम्ही पटकथेसाठी निवडलीत, 'श्यामचे पोहणे'. हक्कांची अडचण येणार नाही. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून ही कादंबरी सर्वांना खुली आहे.

तुमचे खर्डे मी वाचले. जवळजवळ सगळ्यांनी मोठ्या श्यामचा आवाज मागे ठेवलाय. पुस्तकात तो आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो, म्हणून सांगणं तिथे शोभतं. पडद्यावर मात्र 'मला फार भीती वाटत होती' हे ऐकू आलं, की भीती दिसायची थांबते. तो आवाज आधी काढा. मग श्याम लपून बसलाय, बाहेर मुलं हाका मारताहेत आणि त्याने श्वास रोखलाय, एवढंच लिहा.

दुसरी गोष्ट विहिरीची. पाण्यात ढकललं, पोहला, संपलं, असा शेवट बहुतेकांनी केलाय. मला तो चुकीचा वाटतो. या प्रकरणाचा जीव दुपारी, घरात आहे. सकाळी आईने शिंपटीने मारून पोहायला धाडलेलं. आता ती जेवता जेवता त्याला दही देऊ करते. तो रुसून नको म्हणतो, वळ दाखवतो. ती जेवण टाकून उठते, तेल आणते. आठ पानांची पटकथा असेल, तर पानाला साधारण मिनिट धरून यातली तीन पानं या दृश्याला द्या. ते मी असं लिहीन:

दृश्य ६. आत. स्वयंपाकघर. दुपार.
आईचा हात भात कालवतोय. श्याम पाठ करून बसलाय. पाठीवर वळ. हात थांबतो. आई उठते. बाहेर हातावर पाणी घेतल्याचा आवाज. ताट तसंच. ती तेलाची वाटी घेऊन येते, त्याच्यामागे बसते. बोट वळावर टेकतं. श्याम अंग चोरतो. मग चोरत नाही.

इथे 'आईला वाईट वाटतं' असं कुठेच लिहिलेलं नाही. कॅमेऱ्याला ते टिपता येत नाही. अर्धं राहिलेलं ताट टिपता येतं. मुलाला भित्रा म्हणू नये कुणी, हे आईचं म्हणणं पुस्तकात सविस्तर आहे. त्यातलं एकच वाक्य ठेवा, तेही तेल लावताना. तो पाठमोरा असताना तिला ते बोलता येईल.

राहिली विहीर. लहान मुलाला खऱ्या विहिरीत उतरवायचं नाही, हे पटकथेतच दिसलं पाहिजे. काठावर त्याच्या कमरेला, तरंगायला, सुकड बांधणारे हात. मागून धक्का, श्याम चौकटीबाहेर. धप्पकन आवाज, काठावरच्या मुलांचे चेहरे. मग कमरेएवढ्या पाण्याच्या हौदात जवळून घेतलेलं त्याचं डोकं, तोंडात पाणी, हवेसाठी उघडलेलं तोंड. हौदाची भिंत दिसली तर फसवणूक उघडी पडेल, म्हणून तो शॉट वरून, पाण्यापुरताच लिहा.

आता दृश्य ६ चा तुमचा खर्डा काढा. त्यात 'वाटतं' किती वेळा आलंय, ते आधी मोजा.