गोळी घाटाच्या आधी, घाटात नव्हे

(इंदूरमधल्या एका महिला मंडळाच्या सहलीआधी झालेल्या बोलण्याचं संपादित रूप)

रविवारी आपण सगळ्या ओंकारेश्वरला निघालोय. सोबत नातवंडं आहेत, दोघी-तिघींची लेकरंही आहेत. यादी करताना ज्यांना गाडी लागते त्यांनी हात वर करा म्हटलं, तर अकरा हात वर आले. म्हणून आज तासभर मागून घेतला. मी चोवीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे. ‘गाडी लागण्याची गोळी द्या’ असं म्हणत येणारं माणूस बहुधा घाईत असतं, रिक्षा बाहेर उभी असते. गोळी आम्ही देतो, पण ती कधी घ्यायची हे सांगायचं राहून जातं. मला बोलायचंय ते त्या ‘कधी’बद्दल, आणि गोळी म्हणजे डायमेनहायड्रिनेट या औषधाची.

माझ्या दुकानातून गेलेल्या एका पाकिटाची गोष्ट आधी सांगते. गोळी नेणाऱ्या आजी होत्या आणि प्रवास आपलाच, इंदूर ते ओंकारेश्वर. नातू सात वर्षांचा, वजन बावीस किलो. आजींनी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि ठरवलं की लागलीच गाडी तर देऊ, उगाच पोराला औषध कशाला. सिमरोळ सोडून बस भेरूघाटाच्या वळणांना लागली तसा बडबड करणारा मुलगा एकदम गप्प झाला. दोन-तीन जांभया आल्या, चेहरा पांढरा पडला, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब उभे राहिले. ‘आजी, पोटात दुखतंय’ म्हणाला. या वयाची मुलं ‘मळमळतंय’ म्हणत नाहीत, पोटात दुखतंय असंच म्हणतात, हे लक्षात ठेवा. आजींनी तेव्हा ५० मिलिग्रॅमची अख्खी गोळी दिली. दहा मिनिटांत उलटी झाली. गोळी पडून गेली असं वाटून त्यांनी दुसरी दिली.

घाट संपला आणि मुलगा शांत झाला. खरा त्रास झाला तो ओंकारेश्वरला पोचल्यावर. नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर त्याला धड उभं राहता येईना. डोळे मिटत होते, हात सोडला की तोल जात होता, आणि पुढे पाणी. वडिलांनी दिवसभर त्याला खांद्यावर वागवलं. संध्याकाळपर्यंत तो ठीक झाला, पण आजी दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. पाकीट देताना मी दोन वाक्यं बोलले असते तर हे टळलं असतं. ते मला आजही लागून राहिलंय.

आता यात नेमकं काय झालं ते पाहू. गाडी लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. आतल्या कानात तोल सांभाळणारा अवयव असतो. तो मेंदूला सांगतो की आपण डावीकडे वळतोय, वर चढतोय. त्याच वेळी मूल बसच्या आत, समोरच्या सीटकडे किंवा मोबाइलकडे बघत असतं आणि डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसेना की मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. कानाकडून तिथवर जाणारा निरोप मुख्यतः हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या दोन रसायनांमार्फत पोचतो. डायमेनहायड्रिनेट या दोघांना अडवतं.

निरोप पोचायच्या आधी अडवला तर उपयोग. मळमळ एकदा सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते आणि पोटातलं पुढे आतड्यात सरकायचं जवळजवळ थांबतं. औषध रक्तात शिरतं ते मुख्यतः आतड्यातून. म्हणजे घाटात दिलेली गोळी पोटातच बसून राहते. उलटी झाली तर थोडी बाहेर पडते, थोडी आत राहते, आणि किती राहिली ते कुणालाच कळत नाही. त्यावर दुसरी दिली आणि पुढे सपाट रस्त्यावर पोट पुन्हा चालू लागलं की जे काही आत आहे ते सगळं एकदम रक्तात येतं. त्या मुलाची घाटात गरज होती तेव्हा त्याच्या अंगात औषध नव्हतं, आणि पायऱ्या उतरायच्या वेळी दुप्पट होतं.

म्हणून गोळी निघायच्या अर्धा ते एक तास आधी. गोळी दिल्यावर उलटी झाली तर लगेच दुसरी देऊ नका, पुढच्या डोसची वेळ होईपर्यंत थांबा.

किती द्यायची? सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला एका वेळी २५ ते ५० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने, आणि चोवीस तासांत १५० च्या वर नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एका वेळी १२.५ ते २५, अंतर तेच, दिवसभरात ७५ च्या वर नाही. मोठ्या माणसाला ५० ते १००, चार ते सहा तासांनी. मी नेहमी म्हणते, मुलाला खालच्या आकड्यापासून सुरू करा. लहानग्यांना सिरप द्यायचं तर बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचा आणि सोबतच्या मापानेच मोजा. घरातले चहाचे चमचे एकासारखा दुसरा नसतो.

त्याच मुलाला पुढच्या वर्षी त्याच प्रवासासाठी आम्ही औषध कसं दिलं ते सांगते, म्हणजे रविवारचा हिशेब तुम्हाला करता येईल. बस राजवाड्यावरून साडेसहाला. पावणेसहाला अर्धी गोळी, म्हणजे २५ मिलिग्रॅम, दोन टोस्टांबरोबर. निघताना पोहे-जिलेबी नाही, ती परतल्यावर. रिकामं पोट नको आणि तेलकट भरलेलंही नको. जागा पुढची, खिडकीजवळ, नजर लांबच्या रस्त्यावर, मोबाइल आजींच्या पर्समध्ये. सिमरोळ येईपर्यंत तो पेंगायला लागला आणि घाट झोपेत गेला. औषधाचा जोर चार ते सहा तास असतो. पोचेपर्यंत झापड बरीच उतरली होती, तरी पायऱ्यांवर हात सोडला नाही. परतीची बस चारला होती, म्हणून सव्वातीनला पुन्हा अर्धी. मध्ये साडेनऊ तास गेले, दिवसभरात एकूण ५० मिलिग्रॅम. उलटी एकही नाही.

यातली एक गोष्ट सुटायला नको. सहलीच्या आठवडाभर आधी, सुट्टीच्या दिवशी, आजींनी त्याला घरी अर्धी गोळी देऊन पाहिली होती. कारण काही मुलांना या औषधाने झोप येत नाही, उलट होतं. मूल चिडतं, पलंगावरून उड्या मारतं, झोपायचं नाव घेत नाही. तुमचं मूल यातलं आहे का ते घरी कळलेलं बरं.

झोपेबद्दल मोठ्यांनाही सांगायचंय. या औषधाची कथाच झोपेशी गुंतलेली आहे. १९४७ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईंना ॲलर्जीचं औषध म्हणून हे दिलं गेलं. पित्ताचं काय ते असो, पण ट्राममध्ये बसलं की त्यांना नेहमी होणारी मळमळ थांबली. त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं, आणि पुढच्या वर्षी, १९४८ साली, अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावरच्या सैनिकांवर त्याची चाचणी झाली. म्हणजे मुळात हे जुन्या पद्धतीचं, झोप आणणारं ॲलर्जीचं औषध. ती झोप कमी व्हावी म्हणून त्याला कॅफिनच्या जातकुळीतल्या एका पदार्थाची जोड दिली. झोप तरीही येते. म्हणून गोळी घेऊन कुणी गाडी चालवायची नाही. ‘मला तर काही झोप येत नाहीये’ असं वाटतं तेव्हाही ब्रेकवर पाय पडायला उशीर होतो. मुलाला सर्दीचं सिरप चालू असेल तर आधी विचारा, कारण त्यातही बहुधा याच जातीचं औषध असतं आणि दोन्ही मिळून झापड वाढते. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेट वाढल्याने लघवी अडत असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पाकिटावरचं नाव वाचायची सवय लावा. आपल्याकडे गाडी लागण्याची गोळी म्हणून पुष्कळदा प्रोमेथाझिन दिलं जातं, अव्होमिन म्हणजे तेच, २५ मिलिग्रॅमचं. ते वेगळं औषध आहे. त्याची झापड जास्त वेळ टिकते, कधी दुसऱ्या दिवशीही जाणवते. मी आत्ता सांगितलेले आकडे त्याला लावू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला ते अजिबात द्यायचं नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. आणि घरात उलटीचं ऑनडॅनसेट्रॉन सिरप आहे म्हणून तेच द्याल, तर गाडी लागण्यावर त्याचा उपयोग होत नाही. जुलाब-उलट्यांत ते कामाचं, कारण ते पोटाकडून येणारा निरोप अडवतं. इथे निरोप कानाकडून येतो.

चुकून गोळ्या जास्त गेल्याच तर कसं ओळखायचं? चेहरा लाल, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, छाती धडधडते, मूल असंबद्ध बोलतं किंवा नसलेलं काही दिसतंय म्हणतं. फिट्सही येऊ शकतात. वाट बघू नका, पाकीट हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा. किती गोळ्या कमी आहेत ते डॉक्टरांना पाकिटावरूनच कळेल.

मागून एका ताईंनी विचारलंय की त्यांची मुलगी दीड वर्षाची आहे, तिला किती द्यायची. ताई, काही द्यायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी फारशी लागतच नाही. इतकं लहान मूल बसमध्ये उलटी करत असेल तर आधी दूध जास्त झालंय का, ताप आहे का, जुलाब आहेत का ते बघा आणि तिच्या डॉक्टरांना दाखवा. रविवारी तिला निघण्याच्या तोंडावर पोटभर पाजू नका, आणि मांडीवर झोपली तर कुशीवर ठेवा, म्हणजे ओकारी आली तरी घशात अडकणार नाही.