आधी मोठ्यांच्या प्रोफाइलला कुलूप

टीव्हीवर चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मुलांसाठी वेगळं प्रोफाइल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलेलं असेल. मग आता मला सांगा, तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला पिन आहे का? बहुतेक घरांत नसतो, आणि सगळी गळती तिथूनच होते. मुलांचं प्रोफाइल कितीही नीट लावा. पाच वर्षांचं मूल त्यातून बाहेर येतं, सगळ्यांचे चेहरे दिसतात त्या पडद्यावर बाबांच्या चित्रावर दाबतं आणि सरळ आत जातं. वाचता यायचीही गरज नसते.

नेटफ्लिक्सचं उदाहरण घेऊ. घरात आई-बाबा, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. फोनवर किंवा संगणकावर ब्राउझरमधून खात्यात शिरा आणि बाबांचं प्रोफाइल उघडा. तिथे Profile Lock असतं. खात्याचा पासवर्ड देऊन चार आकडी पिन ठेवा. आईच्या प्रोफाइललाही तेच करा. मुलांना पाठ असलेली जन्मतारीख मात्र पिन म्हणून नको. खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या पिनशिवाय नवं प्रोफाइल जोडता येणार नाही, असाही पर्याय तिथेच मिळतो. तो जरूर निवडा, कारण जुन्या प्रोफाइलना कुलूप लागलं की चुणचुणीत मूल स्वतःचं नवं प्रोफाइल उघडतं आणि त्यावर वयाचं बंधन नसतं.

मग मुलांकडे वळा. धाकट्याला लहान मुलांचं प्रोफाइल द्या, त्याचा पडदाच वेगळा आणि सोपा असतो. मुलीला त्यात कोंबू नका. तिला तो बाळबोध वाटतो आणि ती दुसऱ्या वाटा शोधू लागते. तिचं साधं प्रोफाइल करा आणि वयोमर्यादा तिच्या वयाला साजेशी ठेवा. ठरवलेल्या मर्यादेपलीकडचे चित्रपट मग तिला तिथे बघता येत नाहीत.

वयाचा शिक्का मात्र अख्ख्या चित्रपटावर असतो, तुमच्या मुलाच्या भीतीवर नसतो. सर्वांसाठी योग्य ठरलेल्या चित्रपटात आई हरवण्याचा प्रसंग असू शकतो आणि एखादं मूल त्यानंतर रात्रभर झोपत नाही. अशा वेळी संपूर्ण मर्यादा खाली आणायची गरज नाही. त्या मुलाच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्या चित्रपटाचं नाव बंदीच्या यादीत टाका, बाकीचे चित्रपट तसेच राहतात.

हे झालं की टीव्हीवरचं अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा आणि रिमोट हातात घेऊन मूल करील तसं करून बघा. बाबांच्या चित्रावर दाबल्यावर पिन मागितला जातो का? बंदी घातलेला चित्रपट धाकट्याच्या प्रोफाइलमध्ये नाव टाकून शोधल्यावर सापडतो का? अधूनमधून प्रत्येक प्रोफाइलवर काय काय पाहिलं गेलं त्याची यादीही चाळा. तुमच्या नावाखाली तुम्ही न पाहिलेलं कार्टून दिसलं, तर तुमचा पिन फुटला आहे. तो त्याच दिवशी बदला.