‘तेवढा सीन टाका ना’ या मागणीला उत्तर

मंडळी, क्लायंटने जाहिरातीत सिनेमातला गाजलेला सीन मागितला की नाही कसं लिहायचं, त्या एका ई-मेलबद्दल मला बोलायचंय, पण त्याआधी ती आठ सेकंदांची गोष्ट काढतोच. आपल्या जाहिरात-फिल्मच्या धंद्यात ती सगळ्यांनी ऐकलीय: आठ सेकंदांपर्यंत सीन वापरला तर चालतो. काही जण दहा सांगतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा सेकंदांचा आकडाच नाही. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी सूट आहे, आणि जाहिरात यातल्या कशातच बसत नाही. सिनेमा जुना असला तरी प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. ती भरली तरी त्यातल्या गाण्याचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. या आठ सेकंदांपायी माझ्या ओळखीच्या एकाची पूर्ण झालेली फिल्म यूट्यूबवरून उतरली, तीही उद्घाटनाच्या सकाळी. क्लायंटला हे आधीच कुणी नीट लिहून कळवलं असतं तर? मला त्याचं अजून वाईट वाटतं.

घड्याळ पाहतोय, चिठ्ठीही आली. तर ई-मेल.

मागच्या वर्षी एका मसालेवाल्यांना सासू-सुनेच्या स्वयंपाकघरातल्या भांडणाचा गाजलेला सीन हवा होता. आधी मी फोन करून विचारलं, त्या सीनमधलं नेमकं काय आवडलं? ते म्हणाले, शेवटी दोघी एकाच ताटातून चव घेतात ते. मग लिहिलं:

‘नमस्कार साहेब, एकाच ताटाची तुमची कल्पना फिल्मला शोभेल. मात्र तो सीन आपल्याला वापरता येणार नाही. त्याचे हक्क निर्मात्याकडे आहेत, शिवाय जाहिरातीत कलाकाराचा चेहरा आला की त्यांनी तुमच्या मसाल्याची शिफारस केल्यासारखं दिसतं. तीन पर्याय देतो. एक, सासू-सून आपण नव्याने शूट करू, संवाद आपले, एक दिवस लागेल. दोन, स्टॉक लायब्ररीतून परवाना घेतलेलं स्वयंपाकघराचं फुटेज, दोन दिवसांत. तीन, निर्मात्याकडे लेखी परवानगी मागू, पण शुल्क तुमचं आणि तारखेची खात्री नाही. गुरुवारपर्यंत कळवलंत तर ठरल्या दिवशी फिल्म देतो.’

नकार दुसऱ्या वाक्यात आहे, आणि ‘बघतो, प्रयत्न करतो’ कुठेही नाही. तसं लिहिलं की ते वाट पाहत बसतात.

स्टॉकबद्दल दोनच गोष्टी पटकन सांगतो. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, एकदा पैसे भरले की दर वापराला वेगळे लागत नाहीत, एवढंच. आणि खाली ‘Editorial use only’ लिहिलेलं फुटेज जाहिरातीत घ्यायचं नाही. पावती आणि परवान्याची प्रत फिल्मच्या फोल्डरमध्येच ठेवा, तक्रार आली की तीच दाखवावी लागते.

मसालेवाल्यांनी पहिला पर्याय घेतला. सून म्हणून त्यांची पुतणी उभी राहिली, आणि ताट त्यांच्याच घरचं होतं.