आकडा वाढला, पण शोधणारं कोण होतं?

(जळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माजी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कारखान्यांना माणसं शोधून देणं हे माझं काम आहे. त्यामुळे लिंक्डइन मी तुमच्या उलट्या बाजूने पाहतो. तुम्ही प्रोफाइल लिहिता आणि वाट बघता. मी शब्द टाकतो आणि यादी बघतो. तुमच्या प्रोफाइलवरच्या ॲनालिटिक्समध्ये जे आकडे दिसतात, ते या दोन बाजूंच्या मधे पडतात. आज त्यातल्या दोनच आकड्यांबद्दल बोलणार आहे.

पहिला आकडा `Search appearances`. कुणीतरी काहीतरी शोधलं आणि निकालांच्या यादीत तुमचं नाव आलं, असं गेल्या आठवड्यात किती वेळा झालं, ते हा सांगतो. दुसरा `Profile viewers`. तुमचं प्रोफाइल प्रत्यक्ष उघडून किती जणांनी पाहिलं, ते हा सांगतो. पण आठवड्याचं नाही, गेल्या ९० दिवसांचं. गोलाणी मार्केटमध्ये दुकानासमोरून किती जण गेले आणि किती जण पायरी चढून आत आले, एवढाच तो फरक. मात्र आत येणारे सगळे रस्त्यावरूनच येतात असं नाही. तुम्ही कुणाच्या पोस्टवर कमेंट केली, कुणाला कनेक्शनची विनंती पाठवली, तर ती माणसंही प्रोफाइल उघडून बघतात. म्हणून एका आकड्याला दुसऱ्याने भागून टक्केवारी काढत बसू नका. एक आकडा आठवड्याचा आणि दुसरा तीन महिन्यांचा, त्या भागाकाराला अर्थच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण असं प्रोफाइल माझ्यापुढे नेहमी येतं. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात मुलगा गुणवत्ता विभागात आहे. दोन वर्षं झाली. पाइपचे नमुने कापतो, हायड्रोस्टॅटिक दाबाची चाचणी घेतो, रिव्हर्शन टेस्ट करतो, आयएस ४९८५ प्रमाणे नोंदी ठेवतो. काम पक्कं आहे. त्याला पुण्याला किंवा नाशिकला जायचंय. आठवड्याला तो सर्चमध्ये दिसतो कधी सात वेळा, कधी अकरा वेळा.

या आकड्यावर बोट ठेवलं की खाली आणखी माहिती उघडते: शोधणारे कुठे काम करतात, त्यांची पदं काय. बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत. आपल्या मुलाच्या बाबतीत तिथे काय निघतं? विद्यार्थी, एक प्राध्यापक, त्याच्याच कंपनीतली दोन माणसं. म्हणजे ओळखीचे लोक नावाने शोधतायत. कामासाठी त्याला कुणीच शोधलेलं नाही.

कारण प्रोफाइलवर पदाच्या जागी लिहिलंय `GET`. ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. कंपनीने रुजू होताना दिलेलं पद. वर्षभराने तो कायम झाला, पत्रावर क्वालिटी इंजिनिअर असं पद आलं, पण प्रोफाइल तसंच राहिलं. मी माणूस शोधताना `GET` कधीही टाइप करत नाही भो, आणि माझ्या धंद्यातलं दुसरं कुणी करत असेल असं वाटत नाही.

म्हणून पहिला बदल पदाचा: `Quality Engineer`. फक्त एवढाच. बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि तीन-चार आठवडे थांबायचं. दहाच्या आसपासचा आकडा आहे. एका आठवड्यात सातवरून अकरावर गेला तर त्यातून काही कळत नाही, तो तसाही हलतच असतो. समजा नंतर तो वीस, चोवीस, एकवीस असा येऊ लागला. मग मात्र काहीतरी बदललं.

इथे लोक खूश होऊन थांबतात. आपण परत खालची माहिती उघडायची. आता शोधणारे एचआरवाले आहेत, ही बरी गोष्ट. पण कंपन्या बघा: निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअरच्या. कारण क्वालिटी म्हटलं की पुण्यातल्या आयटी कंपन्यांना टेस्टिंग करणारी माणसं हवी असतात. त्यांच्या यादीत आपला मुलगा येतो, ते त्याची एक ओळ वाचतात आणि पुढे सरकतात. आकडा दुपटीवर गेला आणि फोन एकही नाही, याचं कारण हे.

ती एक ओळ म्हणजे हेडलाइन. यादीत मला सगळ्यात आधी दिसतं ते फोटो, नाव, हेडलाइन आणि गाव. त्याच्या हेडलाइनमध्ये होतं `Hard worker | Looking for opportunities`. यात मला शोधता येईल असा एकही शब्द नाही. दुसरा बदल तिथे: `Quality Engineer | PVC Pipe Extrusion | IS 4985`. २२० अक्षरांपर्यंत जागा असते, पण ती भरलीच पाहिजे असं नाही. मोबाइलवर शेवटचे शब्द कापलेही जातात. कामाचे शब्द आधी.

पुन्हा तीन-चार आठवडे. आता सर्चचा आकडा कदाचित वाढणारच नाही, चोवीसवरून अठरावरही येईल. घाबरून हेडलाइन परत बदलू नका. शोधणाऱ्यांच्या कंपन्या बघा. पाइप, प्लास्टिक, ठिबक, बांधकाम साहित्य अशी नावं दिसायला लागली, तर अठराचा आकडा चोवीसपेक्षा चांगला आहे.

आणि मग व्ह्यूअर्सकडे वळा, पण तिथे एक फसगत आहे. तो आकडा ९० दिवसांची बेरीज असतो. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही पदवीप्रदानाचा फोटो टाकला, सगळ्या वर्गाने प्रोफाइल उघडलं. आज ते दिवस बेरजेतून बाहेर पडतात आणि आकडा धाडकन खाली येतो. नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही हेडलाइन बदललेली असते, आणि दोष तिला लागतो. म्हणून एकूण बेरीज बाजूला ठेवा, तिथला आलेख बघा आणि बदलानंतरचे आठवडे तेवढे मोजा. बदलाची तारीख वहीत लिहून ठेवली असेल तरच हे जमतं. आलेल्यांत पाइपवाल्या कंपन्यांचे लोक असतील आणि तरीही निरोप येत नसेल, तर मग अनुभवाचा भाग दुरुस्त करायचा: कोणत्या चाचण्या, किती व्यासापर्यंतचे पाइप, कुठलं मशीन. त्याआधी नाही.

गावाबद्दल बरेच जण विचारतात. आम्ही पुण्यासाठी शोधतो तेव्हा पुणे हा फिल्टर लावतो आणि जळगाव गळून जातं. यावर काही मुलं सरळ पुणे लिहून मोकळी होतात. मला ते पटत नाही. मी फोन करतो, उद्या सकाळी या म्हणतो, आणि समोरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सची चौकशी सुरू होते. `Open to work` मध्ये तुम्हाला चालतील ती शहरं निवडता येतात, आणि ते फक्त रिक्रूटरना दिसेल असंही ठेवता येतं. ते पहिल्याच दिवशी करा. त्याचा परिणाम सर्चच्या आकड्यात उमटेलच असं धरू नका. आलेल्या निरोपांवर लक्ष ठेवा.

मागून प्रश्न आलाय की व्ह्यूअर्सची पूर्ण यादी दिसावी म्हणून पैसे भरून प्रीमियम घ्यावं का. आधी सेटिंग बघा. तुम्ही स्वतः प्रायव्हेट मोडमध्ये राहून दुसऱ्यांची प्रोफाइल पाहत असाल, तर फुकटच्या खात्यावर तुम्हालाही कोण आलं ते दिसत नाही. नाव दिसेल अशी सेटिंग केली की अलीकडचे थोडे लोक दिसू लागतात. आपल्या त्या मुलाच्या जागी तुम्ही असाल, आठवड्याला दहादा दिसत असाल आणि पदाच्या जागी अजून `GET` असेल, तर पैसे देऊन त्याच प्राध्यापकांचं नाव वाचायला मिळेल.