खात्यात पैसे आहेत, तरी चेक परत का येतो?

नमस्कार मंडळी. हा कागद बघा. बँकेचा रिटर्न मेमो आहे, आमच्या मामींचा. मंगल कार्यालयाला ८५,००० रुपयांचा चेक दिला होता. खात्यात दोन लाखांच्या वर शिल्लक. तरी चेक परत, आणि कारणाच्या रकान्यात १२ आकडा. म्हणजे ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’, सही जुळत नाही. कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन आला तो मात्र ‘ताई, चेक बाउन्स झाला’ असाच. मामी शरमेनं लाल.

मामींचा सवाल रास्त होता: ‘दर महिन्याला त्याच शाखेत स्लिप भरून पैसे काढते, तेव्हा सही चालते, मग आताच काय झालं?’

काउंटरवर मामींना सगळे ओळखतात. सही थोडी हलली तरी कॅशियर चेहरा बघतो आणि पैसे देतो. क्लिअरिंगमध्ये चेहरा नसतो, आणि चेकचा कागदही मामींच्या बँकेपर्यंत येत नाही. कार्यालयाच्या बँकेत तो स्कॅन होतो आणि पुढे फक्त फोटो जातो. बहुतेक बँकांत तो फोटो शाखेत नाही, दुसऱ्या शहरातल्या क्लिअरिंगच्या ऑफिसात उघडतो. तिथल्या माणसासमोर स्क्रीनवर एकीकडे चेक, दुसरीकडे खात्यातली नमुना सही. शंका आली की परत. त्याचंही चूक नाही, खोटी सही पास केली तर जबाबदारी बँकेवर येते.

आणि हो, मामींनी पॉझिटिव्ह पे केलं होतं. पन्नास हजारांच्या वरच्या चेकचे तपशील बँकेला आधी कळवायचे, ते. पण त्यात तारीख, रक्कम, कुणाच्या नावे एवढंच ताडलं जातं. सहीची तपासणी त्यानं टळत नाही.

आम्ही शाखेत गेलो. साहेबांनी आधी ओळखपत्र पाहिलं, मग स्क्रीन जरा आमच्याकडे वळवला. खातं २००४ चं. सही कार्डावर मामींनी शाळेतल्या वळणात पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट, वर सरळ शिरोरेषा. आता करतात ती सही म्हणजे पहिलं अक्षर आणि पुढे एक लांब शेपूट. मामी स्वतःच हसल्या, ‘ही माझीच का?’

साहेब म्हणाले, दोनच वाटा. एक तर चेकवर जुनी सही करा, नाहीतर नवी नोंदवा. वीस वर्षांपूर्वीचं वळण आता हाताला येणार नाही, म्हणून नवी.

त्यासाठी शक्यतो आपल्या मूळ शाखेतच जायचं, आणि स्वतः जायचं. सही साहेबांसमोर करावी लागते, घरून करून आणलेला फॉर्म चालत नाही. सही बदलण्याचा अर्ज मिळतो. त्यात जुनी सही आणि नवी सही, दोन्हींना जागा असते. जुनी जमली नाही तर तसं स्पष्ट सांगा, मग ओळखपत्रावर जोर येतो. पॅन, आधार, पासबुक मूळ प्रती घेऊन जा, झेरॉक्स आणि एक फोटोही. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर आधी नावाची दुरुस्ती. संयुक्त खात्यात ज्याची सही बदलली त्याचीच नवी घेतात, पण अर्जावर दुसऱ्याची लागते का ते विचारून घ्या, बँकेगणिक फरक आहे.

अर्ज दिला की काम झालं असं नाही. सही स्कॅन होते, एक कर्मचारी ती चढवतो, दुसरा मंजूर करतो. तोवर नवा चेक देऊ नका. अर्जाची पोच घ्या, आणि दोन-चार दिवसांनी ‘सिस्टीममध्ये नवी दिसते का’ एवढं विचारा.

आता सगळ्यात फसवी जागा. नवी सही चढली की जुन्या सहीचे बाहेर असलेले चेक अडकू शकतात. मामींनी पतसंस्थेला पुढच्या तारखांचे सहा चेक दिले होते. मी म्हटलं, आधी कुठल्या सहीचे ते बघू. पतसंस्थेत जाऊन पाहिले, तर चार शेपटीवाले, दोन पूर्ण नावाचे. त्या दिवशी कर्जाच्या कागदांवर सह्या करताना मामी सावध होत्या, मग कंटाळल्या असणार! दोन बदलून दिले.

हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल, तर दर वर्षी नवी नोंदवण्यात अर्थ नाही. अशा आजारी, वृद्ध खातेदारांना अंगठा लावून पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

आणि चेक घेणारे तुम्ही असाल, तर ‘सहीचंच कारण आहे’ म्हणून निवांत बसू नका. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी डायकेम प्रकरणात सांगितलंय की सही न जुळल्यानं परत आलेल्या चेकलाही चेक बाउन्सचं कलम १३८ लागू शकतं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. मामींनी दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन पैसे पाठवले आणि मॅनेजरकडून तो चेक परत मागून घेतला. तो मात्र विसरू नका.