फोटोतला किरायानामा आणि बापाचा एक प्रश्न

(लातूरच्या एका वाचनालयात झालेलं बोलणं, थोडंसं आवरून लिहिलेलं)

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'भाषांतरकार' म्हणलं, ते ऐकून मागच्या बाकावरचे दोघं उठून गेले, त्यांना वाटलं असेल आता कवितेचा अनुवाद ऐकावा लागतो. तसं काही नाही. मी कागद भाषांतर करतो. खरेदीखत, नोटिसा, आणि अलीकडं सगळ्यात जास्त म्हणजे पुण्यातल्या खोल्यांचे करार. लेकरं परीक्षेच्या तयारीला पुण्याला जातात, तिथला घरमालक नाहीतर एजंट बारा पानांचा इंग्रजी करार देतो, लेकरू त्याचे फोटो काढून बापाला व्हॉट्सॲपवर टाकतं आणि बाप ते माझ्याकडं घेऊन येतो. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की लॉक-इन, डिपॉझिट आणि मुदत ह्या तीन कलमांचं भाषांतर कसं करावं ते मी सांगणार. सांगतो. पण आधी फोटोचं बोलू द्या, कारण माझं निम्मं आयुष्य त्यात चाललंय.

फोटो कसे येतात बघा. रात्री ट्यूबलाईटखाली, कागद पलंगावर, पलंगावर चादर, चादरीवर सुरकुत्या. म्हणजे कागदपण सुरकुततो. पानाच्या कोपऱ्यात अंगठा, आणि अंगठा नेमका तिथंच जिथं आकडा असतो. पान चार आधी, पान दोन नंतर, पान सात आलंच नाही, विचारलं तर म्हणतात त्यावर काही विशेष नव्हतं. अहो, विशेष नव्हतं तर मालकानं छापलं कशाला? शिक्क्याच्या जांभळ्या शाईखाली तारीख गेलेली असते. आणि स्टेपल मारलेली थप्पी उघडून फोटो काढला की पान आतल्या बाजूला वळतं, ओळींची एका बाजूची दोन-तीन अक्षरं सावलीत जातात. इथं सगळा घोटाळा आहे. इंग्रजी करारात घर देणारा 'लायसन्सॉर' आणि घेणारा 'लायसन्सी'. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांत. ती दोन अक्षरं सावलीत गेली तर रंगाचा खर्च कुणी करायचा हे कागद सांगत नाही, तुम्ही अंदाजानं ठरवता.

आता एक किस्सा. औसा तालुक्यातले एक गृहस्थ, पोरगी पुण्याला गेलेली. करार अकरा महिन्यांचा, महिन्याला ८,५०० रुपये, डिपॉझिट २५,०००. त्यांनी माझ्याकडं यायच्या आधी एका ओळखीच्या मास्तरांकडून भाषांतर करून घेतलेलं. मास्तर इंग्रजीत पक्के, एकही शब्द सोडलेला नाही. कलम असं उतरवलं होतं: "सदर लायसन्सी हा सहा महिन्यांच्या लॉक-इन कालावधीमध्ये सदर जागा सोडून गेल्यास तो त्याच्या उर्वरित कालावधीचे लायसन्स शुल्क देईल." वाचलं तर बरोबर वाटतं की हो. पण बापाचा प्रश्न वेगळाच होता. बाप म्हणला, "साहेब, पोरीचं मन तिथं लागलं नाही आन् ती चार महिन्यांत वापस आली तर माझे किती बुडतात?"

मास्तरांच्या वाक्यातून ह्याचं उत्तर काढून दाखवा. "त्याच्या उर्वरित कालावधीचे" म्हणजे कशाच्या? लॉक-इनच्या म्हणाल तर सहातून चार गेले, राहिले दोन, म्हणजे १७,०००, डिपॉझिटमधून कापून ८,००० हातात. कराराच्या म्हणाल तर अकरातून चार गेले, राहिले सात, म्हणजे ५९,५००. डिपॉझिट सगळं गेलं आणि वरून ३४,५०० देणं निघालं. एका 'त्याच्या'वर बेचाळीस हजार पाचशेचा फरक! त्या माणसानं मोठा आकडा धरला होता आणि पोरीला फोन करून सांगितलं होतं की कसंही कर पण अकरा महिने काढ.

मी मूळ फोटो मागितला. त्या ओळीचा शेवट सावलीत होता, 'रिमेनिंग पिरियड ऑफ द सेड' एवढं दिसत होतं, पुढं काळं. म्हणलं पोरीला सांगा, स्टेपल काढू नको, पण पान खिडकीजवळ सपाट धर, वरून सरळ फोटो काढ, प्रत्येक पानाचे चारी कोपरे दिसू दे, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नको, डॉक्युमेंट म्हणून टाक, म्हणजे बारीक अक्षरं फाटत नाहीत. नवा फोटो आला. पुढं होतं 'लॉक-इन पिरियड'. विषय मिटला. मास्तरांनी काय केलं होतं, तर न दिसणाऱ्या जागी 'त्याच्या' घालून वाक्य गुळगुळीत केलं होतं. माझं म्हणणं सरळ आहे: जे दिसत नाही तिथं "इथली अक्षरं वाचता येत नाहीत" असंच लिहायचं. वाक्य लंगडं झालं तर होऊ दे.

(टाळ्या नकोत, वेळ जातो. किती राहिला? पंधरा मिनिटं? बरं.)

तर माझा हट्ट एवढाच आहे की कराराचं भाषांतर वाचून बापाच्या प्रश्नाला आकडा सांगता आला पाहिजे. आता मी तेच कलम कसं लिहिलं ऐका. "किरायदार पहिले सहा महिने संपायच्या आत खोली सोडून गेला, तर त्या सहा महिन्यांतले जे महिने राहिले असतील त्यांचा किराया त्याला घरमालकाला द्यावा लागेल. सहा महिन्यांनंतरच्या पाच महिन्यांचा किराया ह्या कलमाखाली मागता येत नाही." दुसरं वाक्य इंग्रजीत नाहीच. मास्तर म्हणतील तुम्ही पदरचं घातलं. घातलं, पण ते चौकटी कंसात घातलं, म्हणजे कळावं की ही समजूत माझी आहे. आणि 'देईल' काढून 'द्यावा लागेल' केलं. इंग्रजीतलं 'शॅल' हे बंधन असतं, आपल्याकडं 'देईल' म्हणलं की वाटतं देईल बापडा कधीतरी.

इथं एक शंका कुणीतरी काढतंच, म्हणून आधीच सांगतो. मी 'किरायदार' लिहितो, आपल्याकडं सगळे तेच म्हणतात. पण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सवाला भाडेकरू नसतो, त्याला फक्त राहायची परवानगी असते, जागेत हक्क तयार होत नाही. म्हणून माझ्या पहिल्या पानावर एक ओळ ठरलेली: "ह्या कागदात किरायदार म्हणजे ज्याला राहायची परवानगी दिली तो, भाडेकरूचे हक्क त्याला मिळत नाहीत." आपल्या मराठवाड्यात ह्याचा गोंधळ जुना आहे. हैदराबादचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा आपल्याकडं लागू होता, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला तेव्हा रद्द झाला. पण लातूर-नांदेडच्या जुन्या वाड्यात 'किरायदार एकदा बसला की उठत नाही' ही समजूत अजून राहिलीये, आणि त्याच समजुतीनं आपली माणसं पुण्याचा करार वाचतात. इकडं मुदत संपल्यावर थांबलं तर काय होतं ते पुढं येतंय. तर त्या जुन्या वाड्यांचा एक किस्सा असा की...

नको म्हणतायत. चिठ्ठी आली. ठीक आहे, पळवतो.

लॉक-इनचं एक राहिलं. पुढच्या कलमात होतं की "लॉक-इन पूर्ण झाल्यानंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल." शब्द सोपे आहेत, पण क्रम बघा. नोटीस सहा महिने संपल्यावरच देता येते, आणि मग एक महिना. म्हणजे नोटीस देऊन नियमानं सुटायचं तर सातवा महिना संपावा लागतो. भाषांतरात मी लिहिलं, "लवकरात लवकर सात महिन्यांनी." आणि 'कोणत्याही पक्षास' आहे का ते बघा, पुष्कळ करारांत नोटीस द्यायचा हक्क फक्त मालकाला असतो. पुन्हा ती शेवटची दोन अक्षरं!

डिपॉझिट. इंग्रजीत असतं, रक्कम 'परत केली जाईल'. कोण करणार, कधी करणार? दोन्ही शोधून वाक्यात घाला. ह्या करारात होतं, खोलीचा ताबा देतानाच, व्याजाशिवाय, थकबाकी कापून. दुसऱ्या एका करारात होतं, ताबा दिल्यावर तीस दिवसांनी. पोरीनं सामान उचलून लातूरची गाडी पकडली की तीस दिवसांत फोन कोण उचलतो? म्हणून तारखेचा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आणा, शेवटी लटकवू नका. आणि 'फेअर वेअर अँड टेअर वगळून' असं दिसलं तर 'योग्य झीज व फाट' लिहू नका, "रोजच्या वापरानं जे झिजेल, रंग फिका होईल, त्याचे पैसे कापता येत नाहीत" असं लिहा, कारण मालक रंगाचेच कापतो. फक्त पुढं 'रंगकामाचा एक महिन्याचा किराया वेगळा' असं आहे का तेही बघा. ते असेल तर वरची सूट रंगापुरती गेली, आणि हे दोन्ही एकाखाली एक लिहायचं, लांब लांब नाही.

मुदत संपल्यावर. १९९९ च्या कायद्याचं कलम २४: लायसन्स संपल्यावर खोली सोडली नाही तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दरानं भरपाई लागू शकते. करारात दुप्पट नसेल लिहिलेलं तरी हे कायद्यात आहे, म्हणून मी ते कलमाच्या भाषांतरात मिसळत नाही, खाली वेगळी टीप देतो. उलट करारातली दंडाची रक्कम जशीच्या तशी मिळेलच असंही नाही. करार कायदा १८७२, कलम ७४, न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. हे सांगायचं काम वकिलाचं, आपण टीप लिहून वकिलाकडं पाठवायचं.

आणि हा शेवटचा मुद्दा, मग बसतो. १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं असा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही. नोंदणी नसली तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. तर फोटो मागताना करारासोबत इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, तेही मागा. ते दुय्यम निबंधकाकडून येतं, मराठीतच छापलेलं असतं, त्यात दोघांची नावं, मिळकतीचं वर्णन, तारखा असतात. तुमच्या भाषांतरातली नावं, फ्लॅट नंबर, तारीख त्याच्याशी जुळवून बघा. परवाच्या एका करारात फोटोत फ्लॅट १०३ दिसत होता आणि सूचीत १०८, शिक्क्याच्या शाईनं आठाचा तीन झालेला.